गप्प सदस्यही उत्तर देतील असा सणाचा शुभेच्छा-संदेश: वाचनगटाच्या ॲडमिनसाठी टप्प्याटप्प्यानं

सणाच्या दिवशी ॲडमिन शुभेच्छा देतो, शेवटी ‘तुम्ही सण कसा साजरा करता ते नक्की लिहा’ असं जोडतो आणि दिवसभर फोन बघत बसतो. नेहमीचे चारपाच जण लिहितात, बाकीचे हात जोडलेली खूण टाकतात किंवा तेही नाही. मग ॲडमिन म्हणतो, आपल्या गटात लोक बोलतच नाहीत. मी व्हॉट्सॲपवरचा १३७ जणांचा वाचनगट सांभाळते, आणि माझ्या बाबतीतही आधी हेच झालं. पुढच्या सणाला तयारी उलट्या टोकापासून केली, म्हणजे आधी गप्प माणसाचा विचार केला, मग प्रश्नाचा आणि सगळ्यात शेवटी शुभेच्छांचा. त्या खेपेला २६ उत्तरं आली आणि त्यांतल्या ११ जणांनी गटात पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. त्याच क्रमानं इथे लिहिते आहे. बहुतेकांचं गणित क्रमातच चुकतं.

टप्पा १. आठवडाभर आधी: गप्प कोण आहे ते पाहा

‘मूक सदस्य’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. गटात तुम्ही टाकलेला अलीकडचा एखादा संदेश दाबून धरा आणि ‘मेसेज इन्फो’ उघडा. तो कुणी वाचला आणि कुणापर्यंत फक्त पोचला, हे तिथे दिसतं. ज्यांनी निळ्या खुणा बंद ठेवल्या आहेत त्यांचं वाचनही गटात दिसतं, कारण ती सोय गटातल्या संदेशांना लागू होत नाही. असे तीनचार जुने संदेश पाहिलेत की चित्र स्पष्ट होतं.

माझ्या गटात साधारण वीस जण बोलणारे निघाले. पंचवीसेक जण गट उघडतच नव्हते. उरलेले नव्वदच्या आसपास लोक सगळं वाचत होते, फक्त लिहीत नव्हते. आपला संदेश या नव्वद जणांसाठी आहे. जे गट उघडतच नाहीत त्यांना सणाचा संदेशही दिसणार नाही, त्यांचा विचार आत्ता बाजूला ठेवा.

वाचणारी माणसं लिहीत का नाहीत? ऑनलाइन गटांतल्या गप्प सदस्यांवर जेनी प्रीस, ब्लेअर नॉनेकी आणि डॉरीन अँड्र्यूज यांचा एक अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात सापडलेली कारणं मला माझ्या गटात जशीच्या तशी दिसतात. कुणाला लिहिण्याची गरजच वाटत नाही, वाचून त्यांचं काम होतं. कुणी नवीन असतो आणि गटाची रीत समजून घेत असतो. कुणाला वाटतं, आपण गप्प राहिलो म्हणजे गर्दी कमी, मदतच झाली. कुणाला टाइप करणं किंवा ॲप वापरणं जमत नाही. आणि कुणाला गटातलं वातावरणच पटत नाही. वाचनगटात यात आणखी एका कारणाची भर पडते, ती म्हणजे भीती. इथे लोक लांबलचक, सुबक लिहितात. आपली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सगळ्यांना दिसेल, असं मनात येतं आणि बोटं थांबतात.

ही कारणं लक्षात ठेवा, पुढचं प्रत्येक वाक्य यांच्यावरच बेतायचं आहे.

*सावधान:* कोण वाचतं ते तुम्ही पाहिलंत, हे कुणालाही कळता कामा नये. ‘तुम्ही रोज वाचता, मग लिहीत का नाही?’ असं एकदा जरी विचारलंत तरी ते माणूस वाचणंही बंद करतं.

टप्पा २. प्रश्न ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी चार दिवस घेतले.

‘तुम्ही सण कसा साजरा करता?’ हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तर द्यायला फार अवघड आहे. त्याचं उत्तर म्हणजे निबंध. सुरुवात कुठून करू, किती लिहू, आमच्याकडे तर काहीच विशेष नसतं, मग काय सांगू, असे तीन विचार येतात आणि फोन बाजूला ठेवला जातो. ज्यांना निबंध लिहायला आवडतो ते नेहमीचेच लिहितात. आपण प्रश्न सगळ्यांना विचारलेला असतो, पण तो नेमका बोलक्यांच्या सोयीचा निघतो.

प्रश्न इतका लहान हवा की उत्तर डोक्यात आपोआप यावं. मी कागदावर सातआठ प्रश्न लिहिले आणि प्रत्येकाला चार चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी: एका ओळीत उत्तर देता येतं का? ‘सणाची तुमची सर्वांत सुंदर आठवण कोणती?’ हा इथेच गळतो. ‘सर्वांत सुंदर’ म्हटलं की माणूस निवडत बसतो.

दुसरी: उत्तर चुकू शकतं का? रीतिरिवाज, अर्थ, विधी असं काही विचारलं की कुणीतरी दुरुस्त करायला येतं. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला गटात कुणी दुरुस्त केलं की तो पुन्हा लिहीत नाही.

तिसरी: उत्तरातून ऐपत दिसते का? काय घेतलं, कुठे गेलात, किती जण जमलात, या सगळ्यांत तुलना आहे. कमी असलेला गप्प बसतो.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: ज्याच्या घरी यंदा सण नाही, त्याला उत्तर देता येतं का? १३७ जणांत कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. कुणी त्या दिवशी कामावर असतं, कुणी एकटं राहतं, कुणी तो सण पाळतच नाही. ‘यंदा तुमच्याकडे काय जल्लोष?’ हे वाक्य या सगळ्यांना दाराबाहेर उभं करतं.

माझे बहुतेक प्रश्न चौथ्या चाळणीत गळाले. उरला तो हा: *सणाच्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं, आणि उठल्याउठल्या काय करतं?*

याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. एकट्या माणसालाही ‘मीच’ म्हणता येतं. त्यात चूक-बरोबर नाही, खर्च नाही. आणि एक ओळ लिहिताना घर आपोआप डोळ्यांसमोर येतं. वाचनगटातल्या माणसांना माणसांबद्दल वाचायला आवडतं, त्यामुळे ‘कोण’ असा प्रश्न ‘काय’पेक्षा इथे हमखास जास्त चालतो.

वाचनाचा गट आहे म्हणून प्रश्नात पुस्तक घालायचा मोह होतो. मी घातलं नाही. पुस्तक आलं की परीक्षा सुरू होते. काय वाचतो हे सांगणं म्हणजे आपण कुठल्या पायरीवर आहोत हे सांगणं, असं गप्प सदस्याला वाटतं. बोलणं सुरू झालं की पुस्तक पाठोपाठ येतंच, ते पुढे सांगते.

*तपासणी:* गटात नसलेल्या, फार न बोलणाऱ्या एका माणसाला प्रश्न समोरासमोर विचारा. दहा सेकंदांत उत्तर आलं तर प्रश्न ठेवा. ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारलं तर बदला.

टप्पा ३. चार जणांशी आधी बोला

रिकाम्या अंगणात पहिलं पाऊल टाकायला कुणालाच आवडत नाही. प्रश्नाखाली पहिली तीन उत्तरं कशी येतात, यावर पुढची सगळी ठरतात. पहिलं उत्तर सहा परिच्छेदांचं आलं तर एका ओळीचं उत्तर लिहायला माणूस लाजतो.

म्हणून दोन दिवस आधी तिघांना वैयक्तिक संदेश पाठवा. हे तिघे फार बोलके नकोत आणि अगदी गप्पही नकोत, महिन्यातून एखाददा लिहिणारे हवेत. मी लिहिलं होतं: ‘परवा संध्याकाळी गटात एक छोटा प्रश्न टाकणार आहे. जमलं तर पहिल्या तासाभरात एकदोन ओळींत उत्तर द्याल का? खरं असेल तेच लिहा, नटवू नका.’ प्रश्न आधी सांगितला नाही. सांगितला असता तर तिघांनीही तयारी करून छान छान लिहिलं असतं, आणि तेच नको होतं. खोटी उत्तरं पेरायला तर मुळीच सांगू नका. वाचणाऱ्या लोकांना बनावट ओळ लगेच कळते.

चौथा माणूस म्हणजे तुमच्या गटातला सगळ्यात बोलका सदस्य. त्याच्याशी फोनवर बोला, लिहून पाठवू नका. माझ्या गटातले एक काका प्रत्येक संदेशाला पाच मिनिटांत भरभरून उत्तर देतात. त्यांना म्हटलं, ‘काका, यंदा तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी लिहाल का? नवी मंडळी आधी बोलू देत, तुमचं वाचल्यावर त्यांना लिहायचा धीर होत नाही.’ ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘असं होय, मला कुणी सांगितलंच नाही कधी.’ ते थांबले. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी लिहिताना त्यांनी आधीच्या तीन नवख्या उत्तरांचा उल्लेख केला.

टप्पा ४. मजकूर लिहा

आधी माझा फसलेला संदेश दाखवते.

> सर्व सदस्यांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा! आपल्या समूहात अनेक मूक वाचक आहेत. आज त्यांनीही मौन सोडून आपण सण कसा साजरा करता, आपल्या घरातील परंपरा, आठवणी व सणानिमित्त वाचलेली पुस्तके याविषयी सविस्तर लिहावे, ही नम्र विनंती. — ॲडमिन

यात मी कुणाला दुखवायचं म्हणून काही लिहिलं नव्हतं, पण जवळजवळ प्रत्येक शब्द उलटा पडला. ‘मूक वाचक’ म्हटल्यावर नव्वद जणांना एकाच वेळी बोट दाखवल्यासारखं झालं. जो आता लिहील तो ‘मौन सोडणारा’ ठरणार, म्हणजे त्याच्या साध्या ओळीचाही समारंभ होणार. ‘सविस्तर’ या शब्दानं एका ओळीचं उत्तर बाद झालं. प्रश्न चार होते, त्यामुळे एकाचंच उत्तर दिलं तर ते अपुरं वाटणार. ‘लिहावे, ही नम्र विनंती’ ही सूचनाफलकाची भाषा, तिला कुणी उत्तर देत नाही. आणि खाली नावाऐवजी ‘ॲडमिन’. त्या दिवशी चार उत्तरं आली, चारही नेहमीच्यांची.

पुढच्या सणाला पाठवलेला संदेश असा होता:

> नमस्कार मंडळी,
> उद्याच्या सणाच्या तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.
>
> एक छोटासा प्रश्न. सणाच्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं, आणि उठल्याउठल्या काय करतं?
>
> आमच्याकडे माझे सासरे. साडेचारला उठतात, घरभरचे लाइट लावतात आणि परत पांघरूण ओढून झोपतात. बाकीचे सगळे जागे.
>
> एक ओळ पुरे. बोलून पाठवलं तरी चालेल, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंत तरी चालेल. तुमच्याकडे हा सण नसेल तर एखाद्या सुट्टीच्या सकाळचं सांगा. रविवार रात्रीपर्यंत कधीही.

आता हा कसा बांधायचा ते क्रमानं सांगते.

शुभेच्छा एका ओळीत संपवा. ‘सुख, समृद्धी, आरोग्य, भरभराट’ अशी माळ लावलीत की वाचणाऱ्याला तो पुढे ढकललेला संदेश वाटतो आणि नजर खाली जातच नाही. लांब मजकूर ॲप कापतं आणि ‘पुढे वाचा’ असं दाखवतं. प्रश्न त्या कापलेल्या भागात गेला तर गेलाच. म्हणून प्रश्न शुभेच्छांच्या लगेच खाली हवा, आणि एकच हवा.

मग स्वतःचं उत्तर. हे वगळू नका. किती लिहायचं आणि कशा सुरात लिहायचं, याचं माप तुमच्या उत्तरावरून ठरतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात सासऱ्यांवर आठ ओळी होत्या, पहाटेचा गारवा होता, एक उपमाही होती. मला ते आवडलं होतं. ते सगळं काढलं, कारण त्या उपमेशेजारी आपली ओळ ठेवायला कोण धजावलं असतं? साधा, खरा, किंचित घरगुती तपशील पुरे. घरातल्या माणसाबद्दल लिहिताय तर आधी त्याला विचारा. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, ‘लिही, खरंच आहे ते.’

त्याखाली परवानग्या द्या. पहिल्या टप्प्यातली कारणं इथे उपयोगी पडतात. ‘एक ओळ पुरे’ हे दडपणावर, ‘बोलून पाठवलं तरी चालेल’ हे टायपिंगच्या अडचणीवर, आणि सुट्टीच्या सकाळचं वाक्य सण न करणाऱ्यांसाठी. माझ्या गटात आलेल्या २६ उत्तरांत सहा आवाजी होती, त्यांतली चार साठीपुढच्या लोकांची. एवढे दिवस या लोकांना बोलायचं नव्हतं असं नाही, कळफलक आड येत होता.

शेवटी मुदत. ‘कधीही लिहा’ म्हटलं की कधीच लिहिलं जात नाही, आणि ‘आजच लिहा’ म्हटलं की कामात असलेला माणूस सोडून देतो. तीनचार दिवस योग्य.

*सावधान:* हे शब्द मजकुरात आहेत का ते शोधा आणि काढा: मूक, गप्प, मौन, निष्क्रिय, सक्रिय, ‘फक्त वाचणारे’, ‘सर्वांनी’, ‘अवश्य’. गप्प सदस्यांसाठी लिहिलेल्या संदेशात गप्प सदस्यांचा उल्लेख नसावा. कुणाला नावानं टॅग करून बोलवू नका. गटात त्या व्यक्तीचा नंबर आणि नाव सगळ्यांना दिसतं, आणि अनोळखी लोकांसमोर असं उभं केलेलं अनेकांना, विशेषतः बायकांना, आवडत नाही.

*तपासणी:* मजकूर मोठ्यानं वाचा. शेजारणीला जिन्यात थांबवून असंच बोलाल का? जिथे जीभ अडखळते ते वाक्य पत्राचं आहे, ते बोलण्याचं करा.

टप्पा ५. पाठवण्याची वेळ

सणाच्या सकाळी पाठवू नका. सगळ्यात जास्त ॲडमिन इथे चुकतात आणि त्यांना कारण कळतही नाही. सणाच्या सकाळी प्रत्येक गटात तयार चित्रांचा लोंढा येतो. माझा पहिला संदेश सकाळी नऊला गेला आणि दुपारी बारापर्यंत त्यावर चाळीसच्या वर चित्रं येऊन बसली होती. प्रश्न वर कुठेतरी गाडला गेला. शिवाय त्या दिवशी माणसं घरात गुंतलेली असतात.

मी आदल्या संध्याकाळी साडेआठला पाठवला. तेव्हा लोक फोन हातात घेऊन बसलेले असतात, आणि उद्या सकाळी लवकर कोण उठणार हाच विषय घरात चालू असतो.

पाठवल्यावर लगेच तो संदेश पिन करा. व्हॉट्सॲपवर २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असे पर्याय येतात, त्यातला ७ दिवसांचा निवडा. टंकनदोष दिसला तर पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. संदेश पुसून पुन्हा पाठवू नका, दोनदा आलेला प्रश्न आग्रहाचा वाटतो.

चित्रं बंद ठेवायची म्हणून काही जण सणाच्या दिवशी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी सोय चालू करतात. मग उत्तर देणारेही अडतात, आणि पहिल्यांदाच लिहायला आलेल्या माणसाला बंद दार दिसतं. त्यापेक्षा चित्रं येऊ द्या. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या मूळ संदेशाला ‘रिप्लाय’ करून एकच ओळ टाका. माझी होती: ‘आज पहाटे सासरे चारलाच उठले.’ प्रश्न त्या ओळीसोबत पुन्हा खाली येतो आणि आठवण करून दिल्यासारखंही वाटत नाही. या ओळीनंतर माझ्याकडे नऊ उत्तरं आली, पहिल्या संध्याकाळपेक्षा दोन जास्त.

टप्पा ६. उत्तरं येऊ लागल्यावर

पहिले दोन तास फोन जवळ ठेवा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला उत्तर मिळालं नाही तर तो तासाभरात ओळ पुसून टाकतो. हे मी पाहिलेलं आहे.

प्रत्येक नव्या उत्तरावर त्यातल्याच तपशिलाला धरून काहीतरी लिहा. एका सदस्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा लिहिलं: ‘आमच्याकडे बाबा. उठून रेडिओ लावतात, आवाज कमी ठेवून.’ यावर ‘वा! फारच छान, असेच लिहीत राहा’ असं लिहिलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं. वर तो शिक्षकाचा शेराही झाला असता. मी विचारलं, ‘आवाज कमी ठेवून, म्हणजे कुणाची झोप मोडू नये म्हणून?’ उत्तर आलं, ‘नाही, त्यांना एकट्याला ऐकायचा असतो.’ त्यावर आणखी तिघांनी आपापल्या वडिलांबद्दल लिहिलं.

‘अरे वा, शेवटी बोललात!’ असं मात्र कधीही म्हणू नका, प्रेमानंही नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर तुम्ही लगेच त्या उत्तरातल्या मजकुराबद्दल काही विचारा, म्हणजे बोलणं माणसावरून गोष्टीकडे वळतं. उत्तरात शुद्धलेखन दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याला गटात उत्तर देऊ नका, खासगीत थांबवा.

आणि एक उत्तर असं येईल, त्याची मनाशी तयारी ठेवा. माझ्या गटात सणाच्या दुपारी एका ताईंनी लिहिलं: ‘दर वर्षी आई उठायची. यंदा मी उठले.’

पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग हात जोडलेल्या खुणा येऊ लागल्या. अशा वेळी ॲडमिननं शब्दांत उत्तर द्यायला हवं, आणि लवकर. ‘खंबीर राहा’, ‘काळ हेच औषध’ ही वाक्यं नकोत, ती ऐकणाऱ्याला गप्प करतात. मी लिहिलं, ‘वाचलं ताई. उठल्यावर आई काय करायच्या?’ त्यांनी चार ओळी लिहिल्या. त्यात आई खिडकीपाशी उभी राहून वर्तमानपत्राची वाट बघायची आणि आधी शब्दकोडं सोडवायची, असं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला खासगीत निरोप आला की आईबद्दल कुणी विचारलं म्हणून बरं वाटलं.

माणूस पुढे बोलला नाही तर तिथेच थांबा, दुसरा प्रश्न विचारू नका.

टप्पा ७. खासगीत आलेली उत्तरं

काही उत्तरं गटात न येता थेट तुमच्याकडे येतील. माझ्याकडे सात आली, ती २६ मध्ये धरलेली नाहीत. ज्यांना गटात लिहायची भीती वाटते त्यांनी अर्धी वाट ओलांडली आहे, एवढाच याचा अर्थ. उरलेली अर्धी तुम्ही ढकलून पार करायला लावू नका.

आधी त्या उत्तराला नीट उत्तर द्या. मग विचारा: ‘हे गटात टाकू का? नावासकट, नावाशिवाय, की नकोच? तिन्ही चालेल.’ ‘नकोच’ हा पर्याय स्पष्ट द्यायचा. माझ्या सातांपैकी दोघींनी नावाशिवाय टाकायला सांगितलं, एकानं ‘मीच टाकतो’ म्हणून स्वतः टाकलं, चौघांनी नको म्हटलं. नावाशिवाय टाकताना संदेश फॉरवर्ड करू नका, तुम्ही स्वतः टाइप करा, आणि ओळखू येईल असा तपशील काढा. आवाजी निरोप असेल तर तो निनावी राहूच शकत नाही, हे त्या माणसाला आधी सांगा.

*तपासणी:* टाकण्याआधी तयार मजकूर त्या व्यक्तीला दाखवला का?

टप्पा ८. मुदत संपल्यावर

रविवारी रात्री एक छोटा संदेश टाका. आकडे देऊ नका. ‘२६ जणांनी लिहिलं’ म्हटलं की उरलेल्या एकशे अकरा जणांची हजेरी घेतल्यासारखं होतं. नावांची यादी नको, उत्कृष्ट उत्तर निवडणं तर नकोच. मी उत्तरांमधल्या पाच पहाटा एका परिच्छेदात लिहिल्या: एक रेडिओ, एक शब्दकोडं, एक मांजर, रात्रपाळीहून परतलेला एक मुलगा, आणि दोनदा उठून दोनदा झोपलेले एक सासरे. खाली लिहिलं, ‘वाचायला मजा आली. पिन काढते आहे, पण कुणाला अजून सांगायचं असेल तर सांगा.’ त्यानंतर चार दिवसांनी एक उत्तर आलं.

मग आठवडाभर नवा प्रश्न विचारू नका. एकदा जमलं म्हणून दर शनिवारी असा प्रश्न टाकणारे गट मी पाहिले आहेत. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच चारपाच जण उरतात.

त्याऐवजी ज्यांनी पहिल्यांदा लिहिलं त्यांचं एक एक वाक्य वहीत टिपून ठेवा. पंधरवड्यानं आमच्या गटात एका कादंबरीवर बोलणं चाललं होतं आणि तिच्यातला म्हातारा पहाटे एकटाच जागा असतो. मी रेडिओवाल्या सदस्याला टॅग केलं नाही, फक्त लिहिलं, ‘हा म्हातारा वाचताना मला आवाज कमी ठेवलेला तो रेडिओ आठवला.’ वीस मिनिटांनी त्यांनी लिहिलं, ‘मलाही. पण बाबा चिडके नाहीत, हा फार चिडका आहे.’ आणि मग त्या म्हाताऱ्याच्या चिडण्याबद्दल सलग सहा ओळी.